तारेचा झोळ आणि तिचा ताण

दोन टॉवरमध्ये ४०० मीटर अंतर आहे आणि त्यांच्यामध्ये टांगलेली विजेची तार मधोमध ११ मीटर खाली उतरली आहे. ११ मीटर म्हणजे जवळजवळ साडेतीन मजले. ही तार टॉवर ते टॉवर सरळ रेषेपेक्षा किती लांब असेल? ऐकणारे सहसा पाच-दहा मीटर असा अंदाज बांधतात. प्रत्यक्षात ती फक्त ८२ सेंटिमीटर जास्त असते. ४०० मीटरच्या तारेत हातभर लांबी वाढली की साडेतीन मजल्यांचा झोळ पडतो.

तारांच्या झोळाचा सगळा स्वभाव या एका हिशेबात आहे. तार टॉवर ते टॉवर जवळजवळ सपाट असते, म्हणून लांबीतला किंचित फरकही मधोमध कितीतरी मोठा होऊन दिसतो. आणि तारेची लांबी तर रोज बदलत असते. ती उन्हाने वाढते, आतून वाहणाऱ्या प्रवाहाने वाढते आणि थंडीत आखडते.

आपल्याकडच्या ४०० केव्ही लाइनवर ‘मूस’ नावाची तार सर्रास दिसते. मधे पोलादाच्या सात तारा आणि भोवती ॲल्युमिनियमच्या चोपन्न तारा, असा तो पिळलेला दोर असतो. जाडी साधारण ३२ मिलिमीटर, वजन मीटरला दोन किलो. म्हणजे ४०० मीटरच्या एका गाळ्यात नुसत्या एका तारेचे ८०० किलो लटकत असतात. हे वजन तोलायला तार दोन्हीकडून ओढून धरावी लागते आणि ती ओढ वजनाच्या कितीतरी पट असते. ३२ अंशाला, वारा नसताना, ही तार सुमारे ३,६०० किलोच्या ताणावर बांधली, तर झोळ ११ मीटर येतो.

झोळ मोजण्याचे सूत्र सोपे आहे. मीटरमागचे वजन गुणिले गाळ्याच्या लांबीचा वर्ग, भागिले ताणाची आठपट. त्यातून दोन गोष्टी लगेच कळतात. गाळा दुप्पट केला आणि ताण तोच ठेवला, तर झोळ चौपट होतो. झोळ निम्मा करायचा, तर ताण दुप्पट करावा लागतो. मग तार घट्ट ओढून झोळ कमी का करत नाहीत, हा प्रश्न रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही पडतो. मूस तार तुटायला सुमारे १६,४०० किलो ओढ लागते. ३,६०० किलो म्हणजे तिच्या ताकदीच्या २२ टक्के. रोजचा ताण याच्या फार वर नेत नाहीत, कारण घट्ट तार हलक्या, एकसारख्या वाऱ्यात बारीक थरथरते. डोळ्याला न दिसणारी ही थरथर वर्षानुवर्षे चालली की क्लॅम्पपाशी ॲल्युमिनियमच्या तारा एकेक करून तुटत जातात. टॉवरजवळ तारेला डंबेलसारखे छोटे वजन लटकवलेले दिसते, ते ही थरथर शोषून घेण्यासाठीच असते.

आता हीच तार तापवून पाहू. प्रवाह भरपूर आहे, वर मे महिन्याचे ऊन आहे आणि तारेचे तापमान ७५ अंशांवर गेले आहे. ३२ वरून ७५, म्हणजे ४३ अंशांची वाढ. ही तार मोकळी पडलेली असती तर ३३ सेंटिमीटर वाढली असती. पण टांगलेल्या तारेत एक गोष्ट आपोआप घडते. लांबी वाढली की झोळ वाढतो, झोळ वाढला की ताण उतरतो, आणि ताण उतरला की ताणून धरलेला धातू थोडा आखडतो. ताण ३,६०० वरून ३,१०० किलोच्या आसपास येतो आणि त्यामुळे पाचेक सेंटिमीटर परत मिळतात. उरली २८ सेंटिमीटरची वाढ. एवढ्या वाढीने झोळ ११ मीटर ८ सेंटिमीटरवरून १२ मीटर ८६ सेंटिमीटरवर जातो. वाढलेल्या प्रत्येक सेंटिमीटरमागे तार सहा सेंटिमीटर खाली आली.

उलट हिवाळ्यातल्या पहाटे, १० अंशाला, हीच तार १० मीटर १२ सेंटिमीटरवर असते आणि ताण ३,९५० किलोच्या घरात जातो. थंडीतली पहाट आणि तापलेली दुपार यांत पावणेतीन मीटरचा फरक पडला. जानेवारीत तारेकडे पाहून ‘खाली भरपूर जागा आहे’ असे म्हणणारा माणूस फसतो तो इथेच. आपल्या नियमांनुसार ४०० केव्हीच्या तारेपासून जमिनीपर्यंत किमान ८.८४ मीटर अंतर राहिले पाहिजे. ते अंतर सर्वांत तापलेल्या, सर्वांत खाली आलेल्या तारेपासून धरायचे असते. पाहणी करताना तार कुठे होती, याला इथे किंमत नाही.

तार किती तापेल, हे केवळ प्रवाहावर ठरत नाही. प्रवाह दुप्पट झाला की तारेत निर्माण होणारी उष्णता चौपट होते हे खरे, पण ती उष्णता वाहून नेतो वारा. तारेची क्षमता ठरवताना साधारणपणे फक्त अर्ध्या-पाऊण मीटर प्रतिसेकंदाचा वारा गृहीत धरतात, म्हणजे अंगाला जेमतेम जाणवणारी झुळूक. भरउन्हात तीही थांबली, तर नेहमीच्याच प्रवाहात तार हिशेबापेक्षा जास्त तापते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतल्या ओहायो राज्यातले आहे. १४ ऑगस्ट २००३. दुपारी ३ वाजून ५ मिनिटांनी क्लीव्हलँडच्या दक्षिणेकडची चेंबरलिन-हार्डिंग ही ३४५ केव्हीची लाइन झाडाला टेकून ट्रिप झाली. तेव्हा ती आपत्कालीन क्षमतेच्या जेमतेम ४४ टक्के भारावर होती. तारेचा झोळ मर्यादेतच होता, पण तिच्याखालचे झाड मर्यादेबाहेर वाढले होते. या लाइनवरचा भार शेजारच्या लाइनवर गेला. हॅना-जुनिपर लाइन ८८ टक्क्यांवर पोहोचली, तापली, खाली आली आणि ३ वाजून ३२ मिनिटांनी तीही झाडाला लागली. मग भार आणखी सरकला. ३ वाजून ४१ मिनिटांनी स्टार-साउथ कँटन लाइन ९३ टक्क्यांवर असताना झाडामुळेच गेली. तिन्ही लाइन आपापल्या क्षमतेच्या आत होत्या. प्रत्येक लाइन पडताना पुढच्या लाइनला आणखी तापवून खाली आणत होती. एक तास उलटत नाही तोच जाळ्याचा तोल पूर्ण ढळला आणि अमेरिकेचा ईशान्य भाग व कॅनडातला ओंटारिओ मिळून सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी संगणक यंत्रणा त्याच दुपारी बंद पडली होती, हेही मोठे कारण होते. पण पहिली काडी पडली ती न छाटलेल्या झाडांची. म्हणून लाइनखालचा पट्टा साफ ठेवण्याचे काम मला टॉवर उभारण्याइतकेच अभियांत्रिकीचे वाटते. झाडे छाटणाऱ्या टोळीलाही तारेचे सर्वांत खालचे स्थान माहीत असायला हवे.

वाऱ्याचा भार वेगळ्या तऱ्हेने वागतो. तो तारेला आडवा ढकलतो. आपल्याच मूस तारेवर चौरस मीटरला ५२ किलोचा दाब धरू, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या आसपासचा वारा. मग तारेला मीटरमागे खाली ओढणारे दोन किलो आणि बाजूला ढकलणारे १.६५ किलो, अशी दोन्ही ओझी पेलावी लागतात. दोन्हींची मिळून ओढ तिरकी होते. ताण जवळजवळ पाव पटीने वाढून साडेचार हजार किलोकडे जातो, तार चाळीसेक अंशांनी झुकते, आणि तिचा मधला भाग सात मीटरहून जास्त बाजूला सरकून उलट दोन मीटर वर येतो. वादळात मोठ्या लाइनला जमिनीपेक्षा बाजूच्या झाडांचा धोका जास्त, तो यामुळे. हिमालयातल्या किंवा कॅनडातल्या लाइनवर बर्फ साचतो. त्याचे वजन थेट खाली ओढते, त्यामुळे तिथे ताण आणि झोळ दोन्ही एकदम वाढतात.

एवढे सगळे माहीत असताना तार ओढताना नेमकी किती ओढायची? कामावर प्रत्येक गाळ्यासाठी एक तक्ता असतो: अमुक तापमानाला अमुक झोळ. हवेचे तापमान इथे पुरत नाही. तारेच्या तुकड्यात थर्मामीटर बसवून तो तुकडा तारेच्या उंचीवर काही वेळ टांगतात, म्हणजे उन्हात तापलेल्या तारेचे खरे तापमान कळते. मग दोन्ही टॉवरवर, तार जिथे टांगायची त्या बिंदूपासून झोळाइतके खाली एकेक फळी बांधतात. एका फळीवरून दुसरीकडे नजर लावायची आणि तारेचा तळ त्या नजरेच्या रेषेला टेकेपर्यंत विंचने ओढत राहायचे. नवीन ॲल्युमिनियम काही वर्षे ताणाखाली हळूहळू कायमचे लांबत जाते, त्यामुळे ती लांबी आधीच धरून तार सुरुवातीला थोडी जास्त घट्ट ठेवतात.

लहान लाइनवर याहूनही सोपी युक्ती वापरतात. वीज बंद असलेल्या तारेवर खांबाजवळ दोर टाकून एक हिसका द्यायचा. हिसक्याची लाट पलीकडच्या खांबापर्यंत जाते, आपटून परत येते आणि दोर धरलेल्या हाताला जाणवते. अशा तीन फेऱ्यांना किती सेकंद लागले ते घड्याळात मोजायचे. एका फेरीच्या सेकंदांचा वर्ग करून त्याला ०.३०६६ ने गुणले की झोळ मीटरमध्ये मिळतो. आपल्या मूस तारेच्या गाळ्याला तीन फेऱ्यांचे १८ सेकंद येतील. या युक्तीत तारेचे वजन, ताण, गाळ्याची लांबी, काहीच माहीत असावे लागत नाही. ताण कमी असेल तर लाट हळू जाते आणि झोळही तेवढ्याच प्रमाणात जास्त असतो, म्हणून लाटेच्या वेळात झोळाचे सगळे माप येऊन बसते.

हीच मोजणी गावच्या लघुदाब लाइनवर, उसाच्या फडात, सर्वांत जास्त गरजेची आहे. तिथे तारा नुसत्या ढिल्या असण्यापेक्षा एकमेकींपेक्षा कमी-जास्त ढिल्या असणे घातक ठरते. झोळ जास्त असलेली तार वाऱ्यावर सावकाश झुलते, कमी झोळाची भराभर. एकाच वाऱ्यात दोघींची लय जुळत नाही आणि केव्हातरी त्या मधोमध एकमेकींवर येतात. ठिणगी पडते आणि खाली वाळलेले पाचट असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीला आलेला ऊस जळाल्याच्या तक्रारींत हे कारण वरचेवर असते. तारांमध्ये प्लॅस्टिकचे स्पेसर अडकवले की टक्कर टळते, पण मूळ दुखणे तेच राहते. वाकलेला खांब सरळ करून तिन्ही तारा एकाच झोळावर आणल्या, की एकाच वाऱ्यात त्या एकत्र झुलतात. त्या एकसारख्या झाल्या आहेत का, हे पाहायला शेतकऱ्याने मोजपट्टीही आणायला नको. खांबापाशी उभे राहून गाळ्याच्या बाजूने पाहिले, तर एकीखाली दुसरी तार लोंबताना दिसते. तशी दिसली तर ऊस वाढून तिच्याजवळ पोहोचण्याआधी, पावसाळा संपताच, लेखी तक्रार करावी.