दिवसाआड की दिवसामागून दिवस?

मुंबईतल्या एका रुग्णालयातून ओमानला परतणाऱ्या रुग्णाचं डिस्चार्ज कार्ड तपासायला आलं होतं. इंग्रजी कार्डाचा मोबाइलवर काढलेला फोटो, त्यातून संगणकानं उचललेला मजकूर आणि त्याचं अरबी भाषांतर, असे तीन कागद. मला अरबी येत नाही, पण या कामात ते अडत नाही. मस्कतमध्ये बरीच वर्षं राहिलेल्या एका बाईंकडे फक्त अरबी कागद जातो. त्या तो मराठीत आणतात आणि मी तो मुळाशी ताडून पाहतो. इंग्रजी कागद त्यांना मुद्दाम दाखवत नाही, आणि एवढंच सांगतो, की वाक्य बेंगरूळ झालं तरी चालेल, सावरून घेऊ नका.

मूळ ओळ अशी होती: प्रेडनिसोलोन 5 मिलिग्रॅम, 2 गोळ्या, एक दिवसाआड, न्याहारीनंतर. अरबीत 2 चा आकडा कुठेच नव्हता. पण ती गळती नव्हे. अरबीत दोनसाठी नामाचंच वेगळं रूप असतं, त्यामुळे ‘हब्बतैन’ म्हटलं की दोन गोळ्या आल्याच. 5 चा आकडा मात्र तिथे पोकळ गोल दिसतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. आपला डोळा त्या गोलाला शून्य समजतो, म्हणून आकडे बाईंकडून अक्षरी लिहून घेतो.

खरी चूक पुढे होती. ‘एक दिवसाआड’ परत आलं ते ‘दिवसामागून दिवस’ होऊन. अरबीत ‘यौमन बाद यौम’ लिहिलं होतं. बोलण्यात त्याचा अर्थ दिवसाआड असाही घेतात, पण शब्दशः वाचणारा रुग्ण रोज गोळ्या घेईल, म्हणजे डोस दुप्पट. औषधांची माहिती असलेल्या कुणी उलटं भाषांतर केलं असतं, तर त्यानं मनातल्या मनात दुरुस्त करून ‘दिवसाआड’च लिहिलं असतं आणि चूक दडली असती. ती जागा ‘कुल्ल यौमैन’, दर दोन दिवसांनी, अशी बदलून घेतली आणि पुढे पहिल्या चार तारखाही घातल्या.

बाकी सगळं संगणकानं उचललेल्या मजकुराशी जुळलं. तिथेच थांबलो असतो तर एक ओळ कायमची गेली असती. फोटोत कार्डाची घडी होती आणि घडीच्या सावलीत पुसटसं लिहिलं होतं: औषध स्वतःहून बंद करू नये. हे स्टेरॉइड अचानक थांबवणं धोक्याचं असतं. ही ओळ संगणकानं उचललीच नव्हती, मग ती अरबीत येणार कुठून? उलटं भाषांतर फक्त अरबीत काय आहे ते सांगतं. म्हणून ताडायचं ते मूळ फोटोशी, ओळी मोजत.

ओळ घालून नवा अरबी कागद तयार झाला. पहिल्या बाईंना आता अपेक्षित उत्तर ठाऊक होतं, म्हणून तो दुसऱ्या जाणकाराकडे पाठवला.