"तू तर घरचाच आहेस"

माझ्या बहिणीचा मुलगा तालुक्याच्या बाजारात एका कापडदुकानात कामाला आहे. दुकान घरचं. शेठ, त्यांचा धाकटा भाऊ आणि मुलगा असे तिघे, बाहेरचा माणूस हा एकटाच. सकाळी नऊला झाडलोट करायची, रात्री साडेनऊला शटर ओढायचं. मधे जेवायला एक तास. लग्नसराईत एका गिऱ्हाइकापुढे चाळीस साड्या उलगडायच्या आणि ते न घेता उठलं की चाळीसही पुन्हा त्याच घडीत बसवायच्या.

वर्षात सुट्टी ईदची. जुम्याला नमाजीपुरता अर्धा तास मिळतो, पाच मिनिटं उशीर झाला की गिऱ्हाइकांसमोर बोलणी. खरं तर शेठचा राग उधारी थकवणाऱ्यांवर असतो, पण त्यांना बोलता येत नाही.

त्याने रविवारची सुट्टी मागितली तेव्हा शेठ म्हणाले, "आम्ही घेतो का सुट्टी? तू तर घरचाच आहेस." बोलणं खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. शेठ लग्नाला गेले की गल्ल्यावर मुलगा बसतो, मुलगा गेला की भाऊ. घरची माणसं पाळीपाळीने विसावतात. याच्या जागी मात्र कोणीच नसतं.

एका रात्री बहिणीने वहीत हिशेब मांडला. रोजचे साडेअकरा तास, महिन्याचे 345. पगार 11,000. म्हणजे तासाला बत्तीस रुपयेही नाहीत. हा आकडा पाहून पोरगा गप्प झाला.

आता कायद्याचं. महाराष्ट्रात 1948 चा दुकान कायदा एकच नोकर असलेल्या दुकानालाही लागू होता. 2017 च्या नव्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांची दुकानं त्यातून जवळपास वगळली, म्हणून "आम्हाला कायदा नाही" असं दुकानदार सर्रास सांगतात. पण किमान वेतनाचा कायदा नोकर किती हे बघत नाही. सात दिवसांत एक विश्रांतीचा दिवस आणि जादा तासांना दुप्पट दर ही त्यातलीच तरतूद. तक्रार सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे करता येते. अडचण पुराव्याची. नेमणुकीचं पत्र नाही, पगार रोख.

म्हणून त्याने खिशातल्या डायरीत रोजची यायची-जायची वेळ आणि पगाराची तारीख लिहायला सुरुवात केली. तक्रार मात्र केली नाही. एवढ्याशा बाजारात दुसरं काम मिळणं सोपं नाही, हे मलाही पटतं.

तीन महिन्यांनी, दुपारी दुकान रिकामं असताना त्याने डायरी शेठपुढे ठेवली. पैशाचं काही बोलला नाही, एवढंच म्हणाला, "घरचा आहे ना, मग माझीही पाळी लावा." शेठ आधी चिडले, मग बराच वेळ पानं उलटत बसले.

सध्या एक जुमा सोडून एक जुमा त्याला पूर्ण सुट्टी मिळते. त्या दिवशी साड्यांच्या घड्या शेठचा मुलगा घालतो. जादा तासांचं बोलणं अजून व्हायचंय, डायरी चालू आहे.