दर्शनी टेबलावर कोणतं पुस्तक?

२०११ साली ब्रिटनमधली वॉटरस्टोन्स ही पुस्तकांच्या दुकानांची साखळी डबघाईला आली होती. दुकानं तीनशेच्या आसपास, पण आत शिरल्यावर समोर दिसणारं टेबल सगळीकडे जवळपास सारखंच. त्या टेबलावरची जागा प्रकाशकांना चक्क विकलेली असे. प्रकाशक पैसे मोजत, मुख्यालय यादी काढे आणि मोठं शहर असो की समुद्रकाठचं गाव, तीच पुस्तकं तशाच थप्प्यांनी येऊन पडत. खपली नाहीत तर परत. पुस्तकांच्या धंद्यात परतीची सोय असल्यामुळे ही चूक कुणाला टोचत नव्हती. प्रत्यक्षात पाचातलं एक पुस्तक, कधी त्याहूनही जास्त, आलं तसं परत जात होतं आणि त्याची वाहतूक दोनदा भरावी लागत होती.

त्या वर्षी साखळीची मालकी बदलली आणि सूत्रं जेम्स डॉन्ट यांच्याकडे आली. बँकेतली नोकरी सोडून त्यांनी १९९० मध्ये लंडनच्या मॅरिलेबन भागात स्वतःचं पुस्तकांचं दुकान काढलं होतं. त्यांनी प्रकाशकांकडून येणारे जागेचे पैसे बंद केले, ‘दोन घ्या, तिसरं फुकट’ ही योजना काढून टाकली आणि टेबलावर काय मांडायचं ते त्या त्या दुकानावर सोपवलं. हातात येणारा पैसा आधी गेला, फायदा दिसायला वेळ लागला. पण परतीचं प्रमाण काही टक्क्यांवर उतरलं आणि २०१६ च्या हिशेबात कंपनी अनेक वर्षांनी नफ्यात दिसली. २०१९ पासून अमेरिकेतल्या बार्न्स अँड नोबलमध्येही डॉन्ट यांनी हीच वाट धरली.

ही गोष्ट बहुतेक वेळा ‘दुकानांना स्वातंत्र्य दिलं’ एवढ्यावरच सांगून संपवली जाते. ते अर्धंच खरं आहे. प्रकाशकांशी सवलतीची बोलणी, गोदाम, संगणक, हिशेब हे सगळं मध्यवर्तीच राहिलं. आणि ज्यांना निवडीचा हक्क मिळाला, त्या व्यवस्थापकांच्या जागांचीही फेररचना झाली. त्यात बरेच जुने लोक बाहेर पडले. वर्षानुवर्षं वरून आलेली यादी लावणाऱ्या माणसाला एका दिवसात खरेदीदार होता येत नाही.

म्हणजे साखळी मध्यवर्ती ठेवायची की विकेंद्रित, हा प्रश्न मुळात सबंध साखळीला विचारायचाच नसतो. तो एकेका निर्णयाला विचारायचा.

समजा, एका मालकाची पुणे आणि आसपासच्या गावांत आठ किराणा दुकानं आहेत. प्रत्येकाला आठवड्याला साखरेची दहा पोती लागतात. दुकानदार आपापल्या पेठेत भाव करतात आणि दहा पोत्यांना जो भाव मिळतो तो घेतात. तीच ऐंशी पोती एकत्र मागवली आणि किलोमागे एक रुपया सुटला, तर पन्नास किलोच्या पोत्याला पन्नास, म्हणजे आठवड्याला चार हजार रुपये वाचतात. साखर सगळीकडे तीच, टिकणारी, गिऱ्हाइकाच्या आवडीचा प्रश्नच नाही. हा निर्णय मालकाच्या टेबलावरच हवा.

आता पालेभाजी घ्या. गुरुवारी समोरच्या दत्तमंदिरात किती गर्दी होते, शेजारच्या वसतिगृहाला सुट्टी कधी लागते, हे फक्त त्या दुकानातल्या माणसाला ठाऊक. मुख्य कार्यालयाने प्रत्येकाला चाळीस जुड्या मेथी पाठवली, तर एका दुकानात अकरा वाजताच टोपली रिकामी आणि दुसऱ्यात संध्याकाळी पंधरा जुड्या कोमेजलेल्या. इथे घाऊक भावातली बचत कुजण्यातच जाते. मागणी दुकानाने नोंदवावी, भाव आणि गाडी मात्र एकत्र ठरवावी.

जुळणी चुकली आहे हे ओळखायला दोन खुणा पुरतात. एकच माल एका दुकानात संपतो आणि दुसऱ्यात पडून राहतो, असं वारंवार होत असेल, तर वरून जास्त ठरवलं जातंय. उलट, एकाच व्यापाऱ्याची आठ दुकानांकडे आठ वेगळ्या भावांची बिलं निघत असतील, तर खाली गरजेपेक्षा जास्त सोडलंय. दोन्ही खुणा महिन्याच्या बिलांत आणि वाया गेलेल्या मालाच्या नोंदीत सापडतात. पण ती नोंद दुकानवार ठेवलेली हवी. अनेक ठिकाणी तीच सगळ्या दुकानांची मिळून एक असते, आणि मग कोणाच्या ऑर्डरमुळे किती फेकलं ते कळायला मार्गच उरत नाही.

हक्क देताना मर्यादाही लागते. भाजीच्या ऑर्डरला दिवसाची एक रक्कम ठरवून द्यायची आणि त्यापलीकडे विचारायचं, असा रिवाज सोपा पडतो. मात्र फेकलेल्या मालाचा आकडा रोज त्याच माणसाला दिसायला हवा. तो फक्त मालकालाच दिसत असेल, तर दुकानदार संपण्याच्या भीतीने जास्तच मागवत राहतो. गिऱ्हाईक रिकाम्या टोपलीबद्दल त्याच्याशी भांडतं, कोमेजलेल्या जुड्यांबद्दल मात्र त्याला कोणीच काही बोलत नाही.