पाठवण्याआधी (भाग ६) : एकदा रागाच्या आवाजात वाचा

गेल्या वर्षी भिलाईतल्या आमच्या सेक्टरच्या गणेशोत्सवाची वर्गणी माझ्याकडे होती. पुढच्या गल्लीतल्या काकांना मी मोबाइलवर लिहिलं : ‘काका, यादी तुम्ही अजून दिलीच नाही. मी परवाच सांगितलं होतं. आज तरी पाठवून द्या.’ पाठवण्याआधी मोठ्याने वाचलं होतं, छान वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी काका आले, दारातूनच कागद दिला आणि चहाला न थांबता गेले.

मोठ्याने वाचूनही चूक सुटली, कारण मी ते माझ्याच आवाजात वाचलं. मनातला लाडिक सूर आवाजात आपोआप उतरला. काकांच्या हाती पडली ती नुसती अक्षरं. जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली हाच प्रकार ई-मेलवर तपासला. मजकूर गंभीर आहे की उपरोधाचा, हे शंभरातल्या ७८ वेळा ओळखलं जाईल, असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ओळखलं गेलं ५६ वेळा. नाणं उडवलं तरी ५० वेळा जमतं. पण आपलाच मजकूर उलट्या सुरात वाचायला लावल्यावर लिहिणाऱ्यांचा हा फाजील विश्वास कमी झाला.

म्हणून आता मी मसुदा रागावलेल्या माणसासारखा वाचते. एकही शब्द न बदलता तो राग वाक्यांत चपखल बसला, तर समोरच्यालाही तो ऐकू येऊ शकतो. वरचा निरोप तसा वाचून पाहा. आवाज नेमका ‘दिलीच’, ‘परवाच’ आणि ‘आज तरी’वर चढतो. ‘च’ आणि ‘तरी’ काढून पुन्हा वाचायचं. माहिती तेवढीच राहिली, तर त्या अक्षरांनी फक्त तक्रार वाहिली होती. ‘कार्यालय सातलाच बंद होतं’ यातला ‘च’ मात्र कामाचा आहे, तो ठेवावा.

आम्हा भिलाईकरांची आणखी एक अडचण आहे. दिवसभर हिंदी बोलून मनात ‘भेज दीजिएगा’ येतं आणि बोटं ‘पाठवून द्या’ लिहितात. ‘दीजिएगा’मध्ये आदराबरोबर सवडही आहे. ‘द्या’मध्ये आदर आहे, सवड नाही. ती ‘पाठवाल का?’ने मिळते. तिथे ‘आपण’ घालायचा मोह मात्र टाळावा. रोजच्या ‘तुम्ही’ची जागा अचानक ‘आपण’ने घेतली की घरोब्यातल्या माणसाला टोमणा वाटतो.

तो निरोप आज मी असा लिहीन : ‘काका, यादी संध्याकाळपर्यंत मिळाली तर पावत्या उद्या छापायला देता येतील. पाठवाल का?’ रागाच्या आवाजात वाचायला गेलं, तर ‘पाठवाल का’पाशी आवाज अजूनही थोडा चढवता येतो; पहिल्या वाक्यात त्याला जागा सापडत नाही.

न लिहिलेलं मात्र या वाचनाने सापडत नाही. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं होतं. माझ्या निरोपात त्याबद्दल एक शब्दही नव्हता.