कुंडीतील आले

आले हे मूळ नसून जमिनीखाली वाढणारे खोड होय. म्हणूनच त्यावर डोळे असतात. मे महिन्यात एक-दोन ठसठशीत डोळ्यांचा, सुमारे २५ ग्रॅम वजनाचा तुकडा ३० सेंटिमीटर खोल कुंडीत, ४-५ सेंटिमीटर मातीखाली लावावा. कुंडी विरळ सावलीत ठेवावी. माती ओलसर हवी. परंतु बुडाचे छिद्र बुजून पाणी साचले, तर कंद कुजू लागतो. अशा वेळी पावसाळ्यातच खालची पाने पिवळी पडतात आणि कोंब हलकेच ओढताच हाती येतो. आठव्या महिन्याच्या सुमारास सर्वच पाने पिवळी पडून वाळतात. ती मात्र रोगाची नव्हे, काढणीची खूण होय. कमी रेषांचे, कोवळे आले हवे असल्यास ते सहाव्या महिन्यातच काढावे.