बाहीवरची आरीची साखळी

छत्तीसगडचे कोसा रेशीम रायपूरच्या बाजारात सहज मिळते. त्या कापडाच्या ब्लाउजची बाही मणी व टिकल्यांनी सजवावयाची झाल्यास आरीचे काम शोभून दिसते. मात्र कोशाचे सूत कोठे जाड, कोठे बारीक असते. त्यामुळे कापडाचे धागे मोजून टाके घालू गेल्यास साखळी हमखास वेडीवाकडी होते. येथे मापाचाच आधार घ्यावा लागतो.

बाही कापण्यापूर्वीच तिची आकृती कापडावर रेखून ते अड्ड्यावर ताठ ताणावे. बोटाने टिचकी मारल्यास ढोलकीसारखा आवाज यावा. बाहीचा घेर २५ सेंटिमीटर असेल, तर काठाच्या रेषेवर दर सेंटिमीटरला एक ठिपका द्यावा आणि दोन ठिपक्यांमध्ये बरोबर चार टाके बसवावेत. अशा रीतीने काठाला शंभर टाके होतील. एखादा टाका चुकलाच, तर ती चूक पुढच्या ठिपक्यापाशीच उमगते. ती वाढत जात नाही. दुसऱ्या बाहीचेही शंभरच टाके होतात, म्हणून दोन्ही बाह्या जुळतात.

आरी म्हणजे टोकाशी खाच असलेली सुई. उजव्या हातातील आरी वरून टोचावी व डाव्या हाताने कापडाखालील धागा तिच्या खाचेत अडकवावा. मग आरीला अर्धा वळसा देऊन तिची गुळगुळीत पाठ कापडावर किंचित दाबीत फास वर काढावा. असे केल्याने खाच सुतात अडकत नाही. पुढचा टाका त्या फासातूनच टोचावयाचा. फासाचा आकार डाव्या हाताच्या ताणावर अवलंबून असतो. ताण सैल पडला की फास फुगतो. फार आवळला तर अड्ड्यावरून उतरताच कापड चुणते. कापडाची उलट बाजू पाहावी. तेथे आखूड, सरळ व सलग टाके दिसले, तर हात बसला असे समजावे.

मणी आधीच आरीच्या दांडीवर ओवून घ्यावेत. त्यांची छिद्रे आरीहून मोठी हवीत. प्रत्येक चौथ्या टाक्याला, फास वर येताना, एक मणी त्यावर उतरवावा. पुढचा टाका त्याला जखडतो. टाका अडीच मिलिमीटरचा असल्याने मणी दोन मिलिमीटरचाच घ्यावा. मोठा मणी टाक्यात मावत नाही व ओळ वाकते. टिकल्यांची ओळ वेगळी घालावी. टिकली चार मिलिमीटरची असल्यास टाका दोनचा ठेवावा, म्हणजे प्रत्येक टिकली मागचीला अर्धी झाकते.

शिवणीच्या जागी मणी लावू नयेत, कारण यंत्राची सुई त्यावर आदळून मोडते. शेवटचा फास मात्र एका बारीक टाक्याने बांधून धागा उलट बाजूस घट्ट गाठवावा. ही गाठ राहिली, तर एक टोक ओढताच शंभर टाके उसवतात व मणी अंगणभर विखुरतात.