वारस नोंदीच्या पाच खेपा

वडील एप्रिलच्या अखेरीस गेले. पवन मावळातली त्यांची दोन भातखाचरं आमच्या नावावर व्हावीत म्हणून जून ते नोव्हेंबर तालुक्यातल्या एका सरकारी खिडकीवर माझ्या पाच खेपा झाल्या. मी लोणावळ्यात राहतो, त्यामुळे दर खेपेला एक रजा गेली. वेळ मी वहीत टिपत होतो.

पहिल्या दिवशी दोन तास चाळीस मिनिटं रांगेत काढली आणि खिडकीपाशी अर्धं मिनिट. कागद चाळून विचारलं गेलं, "बहिणींची नावं कुठायत?" प्रतिज्ञापत्रात आई आणि आम्ही दोघे भाऊ एवढेच होतो. बहिणी हक्क सोडणारच आहेत, मग नावं कशाला, असं गावात सगळे सांगतात. पण 1956च्या हिंदू वारसा कायद्यापासून मुलगी पहिल्या वर्गातली वारस आहे. वारस नोंदीत सगळे वारस यावे लागतात. हक्कसोडपत्र हा त्यानंतरचा, वेगळा नोंदणीकृत दस्त असतो. भिंतीवरच्या फलकावर फक्त 'वारसांचे प्रतिज्ञापत्र' लिहिलं होतं. तिथे 'विवाहित मुलींसह सर्व वारस' एवढे चार शब्द असते, तर माझी ती रजा वाचली असती. माझ्या मागे उभ्या असलेल्या आजींचीही तीच गत झाली, आणि त्या भर लावणीच्या दिवसांत आल्या होत्या.

दुसऱ्या खेपेला अर्ज घेतला गेला, पण पोच मी मागितली नाही. ती चूक माझी. तिसऱ्या खेपेला अर्ज शोधण्यातच सकाळ गेली. सापडल्यावर शिक्का आणि आवक क्रमांक घालून पोच घेतली.

चौथ्या खेपेला उत्तर मिळालं, "पंधरा दिवसांनी या." याआधीही तेच ऐकलं होतं. पंधरा दिवस कधीपासून धरायचे, हे मात्र कुणी बोलत नव्हतं. त्या दिवशी खिडकीवर वेगळ्या बाई होत्या. त्यांनी नोंद उघडून पाहिली आणि समजावलं, "दादा, फेरफार धरला की सगळ्या हितसंबंधितांना नोटीस जाते. हरकतीचे पंधरा दिवस त्यानंतरचे. तुमच्या मुंबईच्या ताईंची नोटीस परत आलीय, पत्ता जुना आहे." मग माझ्या पोचेच्या मागे पेन्सिलीने क्रमाने लिहून दिलं: नवा पत्ता, नोटीस, पंधरा दिवस, मंडळ अधिकाऱ्यांचं प्रमाणन. चार महिन्यांत कामाची वाट मला पहिल्यांदा दिसली. यात त्यांची जेमतेम सहा मिनिटं गेली असतील.

नोव्हेंबरात थांबावं लागलं वीस मिनिटं. फेरफार प्रमाणित झाला होता. रात्री घरी पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला. आईनं चष्मा लावून पाचही नावं बोट ठेवून वाचली, आणि धाकटीच्या नावावर बोट जरा जास्त वेळ थांबलं.